सातशे टक्के, पण किती वर्षांत?

*"मी सोलापुरात एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिते. सासऱ्यांनी जून २००४ मध्ये जुळे सोलापुरात दीड लाखाला प्लॉट घेतला होता. २०१३ मध्ये साठ हजार घालून त्याला कंपाउंड केलं आणि जून २०२५ मध्ये तो बारा लाखांना विकला. ते पैसे नणंदेच्या मुलीच्या लग्नात आणि घराच्या कामात गेले. मी ऑगस्ट २०१९ मध्ये साठवलेले दोन लाख एकरकमी इक्विटी म्युच्युअल फंडात टाकले, त्यांचे सहा वर्षांत चार लाख झाले. थोरले दीर म्हणतात, 'प्लॉटने सातशे टक्के दिले, म्हणजे वर्षाला तेहतीस. तुझ्या फंडाने शंभर, म्हणजे वर्षाला सोळा-सतरा.' होटगी रोडला चौदा लाखांचा एक प्लॉट आहे. फंड मोडून आणि बाकीचं कर्ज काढून तो घ्यायचा, असं त्यांच्या मनात आहे. घरात सगळ्यांना पटलंय. माझं खरंच चुकलं का?"*

*— एक वाचक, सोलापूर*

ताई, तुमचं चुकलेलं नाही. भाऊजींचा सातशेचा आकडाही बरोबर आहे. दीड लाखाचे बारा लाख झाले, म्हणजे साडेदहा लाख वाढले, आणि साडेदहा लाख हे दीड लाखाच्या सातपट आहेत. याला एकूण परतावा म्हणतात, म्युच्युअल फंडाच्या कागदावर तो 'ॲब्सोल्यूट रिटर्न' म्हणून येतो. अडचण एवढीच की या आकड्यात काळ कुठेच नाही. तुमच्या कारखान्यात कुणी सांगितलं की एका मागावर सातशे टॉवेल निघाले आणि दुसऱ्यावर शंभर, तर तुम्ही नोंद करण्याआधी विचारता की किती पाळ्यांत. पैशाच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न आपल्या तोंडून निघत नाही.

काळ गाळला की काय होतं, हे पोस्टातल्या किसान विकास पत्रावरून फार स्वच्छ दिसतं. ही योजना १९८८ साली आली तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचे. मधे ती बंद होती. २०१४ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली तेव्हा दुप्पट व्हायला १०० महिने लागायचे. एप्रिल २०२३ पासून ११५ महिने लागतात. माझ्या वडिलांनी सुरुवातीच्या काळात पाच हजारांची पत्रं घेतली होती. कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात ती घडी करून ठेवलेली असायची, आणि वरच्या कोपऱ्यात आईने पेन्सिलीने मुदतीची तारीख लिहिलेली असायची. आज तेवढीच पत्रं घेतली तरी पाचाचे दहाच होतील. एकूण परतावा तेव्हाही शंभर टक्के होता, आताही शंभरच आहे. पण साडेपाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सुमारे १३.४ टक्के, १०० महिन्यांत दुप्पट म्हणजे ८.७, आणि ११५ महिन्यांत दुप्पट म्हणजे ७.५. आकडा तोच राहिला आणि व्याज जवळजवळ निम्म्यावर आलं. त्या डब्यातल्या कागदावरची सगळ्यात कामाची नोंद आईची पेन्सिलीतली तारीख होती.

आता तुमचा प्लॉट घ्या, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि फक्त दुपटी मोजा. दीडाचे तीन, तिनाचे सहा, सहाचे बारा. एकवीस वर्षांत तीन दुपटी, म्हणजे सरासरी दर सात वर्षांना एक. २००४ ला दीड लाख, २०११ ला तीन, २०१८ ला सहा आणि २०२५ ला बारा, असा हा प्रवास धरता येतो. तुमच्या फंडाची एकच दुप्पट झाली, पण ती सहा वर्षांत झाली. सात वर्षांत दुप्पट करणारी गोष्ट आणि सहा वर्षांत दुप्पट करणारी गोष्ट, यात वेगाने कोण चाललं हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

हाच वेग टक्क्यांत सांगितला की त्याला सीएजीआर म्हणतात, म्हणजे चक्रवाढीने धरलेला वार्षिक वाढीचा दर. तो एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: दरवर्षी सारख्याच टक्क्याने वाढ झाली असती आणि वाढलेल्यावर पुन्हा वाढ मिळत गेली असती, तर हीच शेवटची रक्कम यायला किती टक्के लागले असते? प्लॉटसाठी ते १०.४ टक्के येतात आणि फंडासाठी १२.२. तोंडी अंदाज हवा असेल तर ७२ ला दुप्पट व्हायला लागलेल्या वर्षांनी भागा. सात वर्षांना साधारण सव्वादहा येतात आणि सहा वर्षांना बारा. चहा पिता पिता बोलायला एवढं पुरतं.

भाऊजींनी वर्षांचा विचार केलाच नाही, असंही नाही. त्यांनी सातशेला एकविसाने भागलं. बहुतेक जण इथेच अडकतात आणि चूक लक्षात येत नाही, कारण भागाकार केला की हिशेब पूर्ण झाल्यासारखा वाटतो. हिशेबनीसाच्या सवयीने उलटा ताळा करून बघा. प्लॉट खरंच वर्षाला तेहतीस टक्क्यांनी, म्हणजे एक तृतीयांशाने वाढत असता, तर पहिल्याच वर्षी दीडाचे दोन लाख झाले असते, दुसऱ्या वर्षी त्या दोन लाखांवर एक तृतीयांश, तिसऱ्या वर्षी त्याच्याही वर. असं एकवीस वर्षं चालवलं तर शेवटी सुमारे सहा कोटी तीस लाख येतात. आले बारा लाख. म्हणजे तेहतीस हा दर त्या प्लॉटला कधी मिळालेलाच नाही.

तुमच्या फंडाला लावलेला सोळा-सतराचा आकडाही याच कारणाने फुगलेला आहे. त्या दराने दोन लाखांचे सहा वर्षांत पाच लाख झाले असते, झाले चार. पण दोन्ही चुका सारख्या नाहीत, याकडे लक्ष द्या. फंडाच्या बाबतीत १२ चे १६ झाले, प्लॉटच्या बाबतीत १० चे थेट ३३ झाले. भागाकाराने केलेला फुगवटा वर्षांबरोबर वाढतो, म्हणून या पद्धतीत जास्त दिवस ठेवलेली वस्तू आहे त्यापेक्षा खूप जास्त कमाईची दिसते. घरातली जुनी जमीन, आजीचं सोनं, वीस वर्षांची विमा पॉलिसी, या सगळ्यांच्या गोष्टी ऐकायला एवढ्या मोठ्या का वाटतात, याचं बरंचसं कारण हे आहे.

भाऊजींना टक्केवारीपेक्षा रुपये पटतील असं वाटत असेल, तर दोन्ही गोष्टी सहा वर्षांवर आणून दाखवा. प्लॉटच्या वेगाने तुमचे दोन लाख सहा वर्षांत सुमारे तीन लाख बासष्ट हजार झाले असते. फंडात चार लाख आहेत.

मोबाइलवर नेमका आकडा काढायचा तर एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये हे लिहा:

```
=(1200000/150000)^(1/21)-1
```

उत्तर ०.१०४ येईल, म्हणजे १०.४ टक्के. कंसातला `1/21` कंसातच राहू द्या. तो कंस सुटला तर शीट आधी घात करते आणि मग भागते, आणि उत्तर भलतंच उणे येतं. दुसरी चूक महिन्यांची असते. पाच वर्षं आठ महिने ५.८ असे लिहिले जातात, पण आठ महिने म्हणजे वर्षाचे दोन तृतीयांश, म्हणून ५.६७ लिहायचे. किसान विकास पत्रासाठी म्हणूनच ११५ भागिले १२ घ्यावे लागतात.

आता कंपाउंडबद्दल. तुम्ही ते पत्रात लिहिलंत म्हणून मला फार बरं वाटलं, कारण सातशे टक्क्यांत ते कुठेच मोजलेलं नव्हतं. वरच्या सूत्राला फक्त दोन रकमा कळतात, पहिली आणि शेवटची. मधे घातलेला किंवा काढलेला पैसा त्यात बसत नाही. तो साठ हजारांचा खर्च पहिल्या दिवशी झाला असं धरलं तर प्लॉटवर अन्याय होतो, आणि धरलाच नाही तर फंडावर. अशा वेळी एक्सआयआरआर वापरायचा. त्यात प्रत्येक रकमेपुढे तिची तारीख असते, आणि जो पैसा जितके दिवस अडकला तितक्याच दिवसांचा हिशेब होतो.

खरेदीच्या वेळचं मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि वकील मिळून पंधरा हजार, आणि विकताना दलालाला दोन टक्के, म्हणजे चोवीस हजार, असं मी धरते. हे माझे अंदाज आहेत. सासऱ्यांच्या फाइलमध्ये पावत्या असतील तर त्यातले आकडे घाला. शीटमध्ये तीन ओळी होतील. पहिल्या रकान्यात तारखा, दुसऱ्यात रकमा. गेलेला पैसा उणे, आलेला अधिक.

```
15-Jun-2004    -165000
15-Jun-2013     -60000
15-Jun-2025    1176000

=XIRR(B1:B3,A1:A3)
```

उत्तर जवळजवळ ९ टक्के येतं. म्हणजे सातशे टक्के, मग तेहतीस, मग १०.४ आणि शेवटी ९, आणि प्लॉट तोच. मोकळ्या जागेचा महापालिकेचा कर दरवर्षी भरला असेल आणि विक्रीच्या नफ्यावर आयकर गेला असेल, तर त्याही रकमा याच यादीत त्यांच्या तारखेसह घाला. दर आणखी थोडा उतरेल. शीटने आकड्याऐवजी चूक दाखवली तर दोनच गोष्टी तपासा. उणे चिन्ह राहिलं आहे का, आणि तारीख खरोखर तारीख म्हणून नोंदली गेली आहे का. १५/०६ अशी लिहिलेली तारीख काही फोनवर नुसता मजकूर म्हणून बसते, म्हणून वर मी महिना अक्षरांत लिहिला.

न्याय दोन्हीकडे सारखा हवा, म्हणून फंडाचंही तेच करू. आज तुम्ही तो मोडला तर दोन लाखांचा नफा दीर्घ मुदतीचा धरला जाईल. इक्विटी फंडावर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या अशा नफ्यावर कर नाही, उरलेल्या पंचाहत्तर हजारांवर १२.५ टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस. हे ९,७५० रुपये होतात. त्या वर्षी दुसरा असा नफा झालेला नाही, हे गृहीत धरून. हातात ३,९०,२५० येतील आणि दर १२.२ वरून ११.८ वर येईल. फंड कंपनीचा खर्च मूल्यातून आधीच वजा झालेला असतो, तो पुन्हा धरायचा नाही.

तुमच्यासारखं पत्र लिहिणाऱ्या पण एसआयपी करणाऱ्या वाचकांसाठी इथेच एक सांगते. दरमहा तीन हजार पाच वर्षं भरले, एकूण एक लाख ऐंशी हजार, आणि आता दोन लाख चाळीस हजार दिसताहेत असं समजा. एकूण परतावा ३३ टक्के. त्याला पाच वर्षांचा सीएजीआर लावला तर जेमतेम ५.९ टक्के येतात आणि माणूस निराश होऊन एसआयपी बंद करतो. पण पाच वर्षं तर फक्त पहिला हप्ता राहिला होता, शेवटचा महिनाभरच. तारखांसह हिशेब केला तर दर ११.४ च्या आसपास निघतो. हप्त्यांचा पैसा असेल तिथे सीएजीआर चालत नाही, एक्सआयआरआरच बघायचा.

आता जरा माझ्याच म्हणण्याची तपासणी. वार्षिक दर काढला की माप सारखं होतं, पण काळ सारखा होत नाही. तुमच्या प्लॉटने एकवीस वर्षं पाहिली, फंडाने फक्त २०१९ ते २०२५. पुढची पंधरा वर्षं फंड हाच वेग ठेवेल, असं १२.२ या आकड्यात कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय हा दर मधला रस्ता दाखवत नाही. तुम्ही पैसे टाकल्यावर सात महिन्यांनी, २३ मार्च २०२० ला, सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० हून जास्त अंकांनी पडून २६,००० च्या खाली बंद झाला. त्या संध्याकाळी तुमच्या दोन लाखांचे किती दिसत होते, हे तुम्हाला आठवत असेल. प्लॉटचा भाव रोज कुणी सांगत नाही, म्हणून तो कधी पडल्यासारखा वाटत नाही. शेवटची तारीख थोडी पुढेमागे केली तरी सहा वर्षांचा दर बराच हलतो, एकवीस वर्षांचा कमी हलतो.

म्हणून खरी तुलना त्याच एकवीस वर्षांची करायला हवी. जून २००४ अखेर सेन्सेक्स ४,८०० च्या आसपास होता, जून २०२५ अखेर ८३,६०० च्या आसपास. हा वार्षिक दर साडेचौदा टक्क्यांजवळ जातो, त्यात लाभांश धरलेला नाही. सेन्सेक्स म्हणजे तुमचा फंड नव्हे, आणि २०२५ चा जून बाजारासाठी चांगला होता, हेही खरं. पण "जमिनीसारखं कशालाच जमत नाही" हे वाक्य या दोन तारखांपुढे टिकत नाही.

सासऱ्यांचा निर्णय चुकीचा होता, असं मात्र मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही घरात तसं म्हणू नका. दीड लाख एकवीस वर्षं हात न लावता राहिले आणि लग्नाच्या वेळी उभे राहिले. जमीन मोडायला वेळ लागतो, म्हणूनच ती टिकली. तुमच्याकडे तो फंड सहा वर्षं तसाच राहिला, हीही तुमची तेवढीच शिस्त.

उरला होटगी रोडचा प्लॉट. तिथे घर बांधून राहायचं असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, तिला टक्केवारी लावू नका. पण 'गुंतवणूक' म्हणून घ्यायचा असेल तर जुन्या प्लॉटचा दर नव्याला आपोआप चिकटत नाही. २००४ च्या जुळे सोलापुरात जे अजून व्हायचं होतं, त्याचा भाव दीड लाखात धरलेला नव्हता. होटगी रोडच्या चौदा लाखांत काय काय आधीच धरलेलं आहे, ते विचारा. जुन्या वेगाने चालायचं तर या प्लॉटला सात वर्षांनी अठ्ठावीस लाखांचं गिऱ्हाईक मिळायला हवं. तिथला आजचा चौरस फुटाचा भाव घ्या, दुप्पट करा आणि त्या भागात रोज व्यवहार करणाऱ्या, पण हा प्लॉट न विकणाऱ्या दोघांना विचारा की एवढा भाव कोण देईल.

आणि मग बँकेत जा. तुमचे चार लाखांतले कर जाऊन ३,९०,२५० उरतील, म्हणजे दहा लाखांवर कर्ज लागेल, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळी. बँक जो व्याजदर सांगेल तो एका कागदावर लिहा आणि त्याच्या खाली तुमच्या जुन्या प्लॉटचा सगळा खर्च धरून निघालेला ९ लिहा. व्याजाचा आकडा वरचढ असेल, तर जुन्या प्लॉटइतकी चांगली वाढ मिळूनही कर्जाच्या दहा लाखांवर दरवर्षी खिशातूनच जाईल. भाऊजींपुढे सातशे आणि शंभराचा वाद काढू नका. हा कागद ठेवा, शेजारी सासऱ्यांची फाइल ठेवा, आणि तारखा त्यांनाच वाचायला सांगा.